घसरलेले गुण पालकांसमोर मांडताना: वीस मिनिटांच्या भेटीची तयारी आणि संवाद

प्रश्न: मी सहावीला गणित शिकवते. वर्गातल्या एका मुलीचे गुण लागोपाठ तीन परीक्षांत घसरले आहेत. पुढच्या आठवड्यात तिच्या आईबाबांना भेटायला बोलावलंय. गोडगोड बोलून वेळ मारून न्यायची नाही, पण ते खचून घरी जातील असंही नको. नेमकं काय आणि कोणत्या शब्दांत बोलावं, लिहून द्याल का?

उत्तर:

संवाद खाली दिला आहे, पण त्याआधी तासभर उत्तरपत्रिका आणि वह्या घेऊन बसावं लागेल. हातात ‘गणितात मागे पडतेय’ एवढंच वाक्य असेल, तर खरं बोललं की पालक घाबरतात आणि धीर द्यायला गेलं की बोलणं पोकळ वाटतं. मूल नेमकं कुठे अडलंय ते बोट ठेवून दाखवता आलं, तर ही ओढाताण उरतच नाही. अडलेली जागा दिसली की तिच्या अलीकडचं सगळं जमतंय हेही त्याच पानावर दिसतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ. मुलीला सई म्हणू. पहिल्या घटक चाचणीत तिला २० पैकी १७, दुसऱ्या चाचणीत २० पैकी १३ आणि सत्र परीक्षेत ८० पैकी ४१ गुण आहेत. टक्क्यांत मांडलं तर ८५, ६५ आणि ५१. हे तीन आकडे असेच टेबलावर ठेवले तर पालकांना सरळ कडा कोसळल्यासारखं दिसतं. म्हणून पहिलं काम, त्याच तीन परीक्षांची वर्गाची सरासरी काढा. समजा ती ७०, ६५ आणि ५५ टक्के आहे. म्हणजे पेपर सगळ्यांनाच अवघड होत गेला आणि वर्गही १५ टक्क्यांनी खाली आला. सई ३४ टक्क्यांनी खाली आली. त्यातला काही भाग पेपरचा, उरलेला तिचा स्वतःचा. पहिल्या चाचणीत ती वर्गाच्या बरीच पुढे होती, आता किंचित मागे आहे. घसरण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही, हे तुम्ही आता खात्रीने म्हणू शकता. दुसऱ्या कोणाचे गुण मात्र सांगू नका. सरासरी पुरेशी असते.

दुसरं काम महत्त्वाचं. सत्र परीक्षेत गेलेले ३९ गुण कुठे गेले याची फोड करा. उत्तरपत्रिका उलटत तीन रकाने भरायचे: प्रश्न सोडवलाच नाही, सोडवला पण रीत चुकली, रीत बरोबर पण आकडा चुकला. सईचे १६ गुण न सोडवलेल्या चार शाब्दिक उदाहरणांत गेले, १५ अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत आणि ८ किरकोळ चुकांत. आता ती चार न सोडवलेली उदाहरणं पुन्हा वाचा. त्यातल्या तिघांत अपूर्णांक आहेत. म्हणजे १२ गुण तिथेही अपूर्णांकांनीच खाल्ले. ३९ पैकी २७ गुण एकाच घटकात गेलेत. ‘शेवटचं पान वेळेअभावी राहिलं’ असं वरवर वाटणारं प्रकरण मुळात ‘अपूर्णांक दिसला की पेन थांबतं’ असं निघतं. ही फोड न करता भेटीला बसलात तर तुम्ही ‘वेग वाढवायला हवा’ असा सल्ला द्याल, आणि पालक घरी घड्याळ लावून सराव घेतील. मूल आणखी धास्तावेल आणि अपूर्णांक तिथेच राहतील.

आता वहीतलं अपूर्णांकांचं पान उघडा. समच्छेद बेरजा सहाच्या सहा बरोबर आहेत. भिन्नच्छेद आठ आहेत, त्यातली एकच बरोबर. चुकलेल्या सातांपैकी सहांमध्ये चूक हुबेहूब एकच आहे: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही हलगर्जी नव्हे. मुलीने स्वतःपुरता एक नियम तयार केलाय आणि तो ती इमानदारीने पाळतेय. बरोबर आलेली एक बेरीज आहे १/२ + १/४ = ३/४, आणि समासात तिने एक छोटा चौकोन काढून त्याचे चार भाग केलेत. या चौकोनाला खूण करून ठेवा. भेटीत धीर देण्यासाठी तुमच्याकडे याहून चांगलं काही नाही. अर्धा म्हणजे दोन चतुर्थांश हे तिला कळलंय, चित्र काढलं की दिसतंय, फक्त १/३ आला की ते चित्र तिच्याकडे नाही.

मग हजेरीपट पाहा. समजा सममूल्य अपूर्णांक शिकवले त्या आठवड्यात ती सलग चार दिवस गैरहजर होती आणि वहीत दोन पानं कोरी आहेत. गृहपाठाची नोंद पाहा: त्या आठवड्याआधी ११ पैकी १० वेळा आला होता, नंतर १० पैकी ४ वेळा. इथे एक सावधगिरी घ्या. गृहपाठ बंद झाला म्हणून गुण घसरले, की जमेनासं झालं म्हणून गृहपाठ बंद झाला, हे नोंदीवरून ठरत नाही. तारखा दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतात, एवढंच म्हणा.

शेवटी इतर विषयांच्या शिक्षकांना दोन मिनिटं विचारा. एकाच विषयातली घसरण बहुधा त्या विषयातल्या एखाद्या निसटलेल्या पायरीची असते. सगळ्याच विषयांत एकदम उतार लागला असेल, तर अपूर्णांकांचं पान दाखवून उपयोग नाही. तेव्हा झोप, दृष्टी, ऐकू येणं, वर्गातली दादागिरी, घरात झालेला बदल यांकडे भेटीचा रोख वळवावा लागतो आणि बोलण्याचा बहुतेक वेळ पालकांना द्यावा लागतो. फळ्यावरून उतरवताना आकडे चुकतात पण पुस्तकातून उतरवताना चुकत नाहीत, असं वहीत दिसलं तर डोळे तपासून घ्यायला सांगा. तेवढं सांगणं शिक्षकाच्या अखत्यारीत येतं. आजाराचं किंवा अध्ययन अक्षमतेचं नाव आपण घ्यायचं नाही, मनात शंका असली तरीही. जे दिसलं ते सांगायचं आणि तपासणाऱ्याकडे पाठवायचं.

बोलावणं

‘एकदा शाळेत येऊन भेटा’ एवढाच निरोप गेला तर पालक दोन दिवस नाही नाही ते विचार करतात आणि बहुतेक वेळा मुलीला आधीच रागावून मोकळे होतात. निरोपात विषय, वेळ आणि हेतू तिन्ही असू द्या:

“नमस्कार. सईच्या गणिताबद्दल बोलायला वीस मिनिटं हवी आहेत. गेल्या तीन परीक्षांत गुण कमी झाले आहेत आणि कुठे अडतंय ते वहीवरून बरंचसं लक्षात आलं आहे. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू. तिच्या वागण्याबद्दल काही तक्रार नाही. तोपर्यंत तिला याबद्दल रागावू नये, ही विनंती.”

‘तक्रार नाही’ हे वाक्य खरं असेल तरच घाला. भेट सर्वसाधारण पालकसभेच्या रांगेत ठेवू नका. पाठीमागे चार पालक उभे असताना कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि कोणी नीट ऐकतही नाही. बसताना टेबलाच्या एकाच कडेला, किंवा निदान कोपऱ्याशी काटकोनात बसा, म्हणजे वही तिघांनाही सुलट दिसते.

सईशी आदल्या दिवशी पाच मिनिटं बोला. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आपल्याबद्दल काय बोललं जाणार हे आधी कळायला हवं. “उद्या आईबाबा येणार आहेत. मी त्यांना हे पान दाखवणार आहे. या सहा बेरजा तुला जमल्यात, या जमत नाहीयेत, असं सांगणार आहे. तुला आणखी काही सांगावंसं वाटतं का? आणि त्यांना न सांगितलेलं बरं, असं काही आहे का?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी पूर्ण भेटीची दिशा बदलतं. मात्र तिच्या सुरक्षिततेशी संबंधित काही निघालं, तर ते गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. ते शाळेत ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवावंच लागतं.

भेटीची पहिली बारा मिनिटं मुलगी बाहेर असावी, शेवटची आठ मिनिटं आत. सुरुवातीपासून समोर बसवलं तर बाबांची पहिली प्रतिक्रिया तिच्यावर पडते, आणि ती पहिली प्रतिक्रिया क्वचितच विचारपूर्वक असते. अजिबात आत घेतलं नाही तर ठरलेली योजना तिच्यासाठी वरून आलेली शिक्षा होते.

संवाद

सुरुवात हेतूने करा, कौतुकाने नको. ‘सई खूप गोड मुलगी आहे, अक्षर छान आहे, पण…’ ही सुरुवात पालक शाळेच्या उंबरठ्यापासून ओळखतात. ‘पण’ येईपर्यंत त्यांना काही ऐकू येत नाही, आणि ‘पण’ आल्यावर आधीचं सगळं खोटं वाटतं. काही घरांत याच्या उलट होतं: कौतुक तेवढं ध्यानात राहतं आणि ‘बाई म्हणाल्या छान आहे’ असं घरी सांगितलं जातं.

तुम्ही: “आलात, बरं झालं. आज एकच विषय बोलायचाय, सईचं गणित. तिचे गुण कमी झालेत आणि ही घसरण खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करावं अशी नाही. कुठे अडलंय ते सापडलंय असं मला वाटतं. आधी ते दाखवते, मग तुमच्याकडून ऐकायचंय, आणि शेवटी सईला आत बोलावून पुढच्या तीन आठवड्यांचं ठरवू. चालेल?”

हे अर्ध्या मिनिटाचं आहे. वाईट बातमी तिसऱ्या वाक्यात आली आणि तिच्या मागोमाग वाट दिसली. मग आकडे, तेही एकदाच:

“पहिल्या चाचणीत ८५ टक्के, आता ५१. पेपर सगळ्या वर्गालाच अवघड गेला, वर्गाची सरासरीही ७० वरून ५५ वर आलीय. त्यामुळे सगळी घसरण तिची नाही. पण वर्ग जितका खाली आला त्यापेक्षा ती बरीच जास्त खाली आलीय. आधी ती वर्गाच्या पुढे होती, आता थोडी मागे आहे.”

इथे थांबा. दहा सेकंद गप्प राहणं जड जातं, तरी राहा. पालक आकडा पचवत असतात. त्या वेळात तुम्ही समजावत राहिलात तर त्यांना वाटतं की तुम्ही काहीतरी झाकताय. मग वही त्यांच्याकडे सरकवा.

“हे पान बघा. छेद सारखे असतात तेव्हा सहाच्या सहा बरोबर. इथून छेद वेगळे झाले आणि आठातली एकच बरोबर आली. चूक बघा, सातपैकी सहा ठिकाणी तीच आहे. वरचे वर मिळवले, खालचे खाली. सत्र परीक्षेत ३९ गुण गेले त्यातले २७ या एका घटकापायी. आणि ही जी एक बरोबर आलीय, तिच्याशेजारी तिने काय काढलंय बघा. हा चौकोन तिला कोणी काढायला सांगितला नव्हता. चित्र समोर असलं की तिला कळतं. इथूनच पुढे न्यायचंय.”

मोह होईल की ‘हे २७ मिळाले असते तर ६८ झाले असते, म्हणजे पुन्हा ८५ टक्के’. हिशेब बरोबर आहे, पण बोलू नका. पालक ते वचन म्हणून घरी नेतात आणि पुढच्या परीक्षेत ७० टक्के आले की मुलगी नापास झाल्यासारखं घर वागतं.

कारणाबद्दल बोलताना जितकं माहीत आहे तितकंच: “सममूल्य अपूर्णांक शिकवले तेव्हा ती चार दिवस आली नव्हती, वहीत ही दोन पानं कोरी आहेत. ती पायरी निसटली असावी असा माझा अंदाज आहे. ती परत आल्यावर ते भरून घेणं माझं काम होतं, ते राहिलं. त्यानंतर गृहपाठही कमी यायला लागला. घरून तुम्हाला काय दिसलं?”

चूक तुमची असेल तर ती अशीच एका वाक्यात मान्य करा आणि पुढे जा. तीनदा माफी मागितली तर भेट तुमच्याबद्दल होते. आणि ‘घरी अभ्यास घेता का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं आणि दोन्हींत पालक आरोपी होतात. ‘काय दिसलं’ या प्रश्नाला मात्र काहीतरी सांगावं लागतं.

पुढची सहा मिनिटं त्यांची. कागद घ्या आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. आई म्हणाली, “गणिताची वही काढली की हिला तहान लागते, दप्तर आवरायचं असतं,” तर ही तुमच्या नोंदीइतकीच मोलाची माहिती आहे. मूल वही टाळतंय.

या सहा मिनिटांत ठरावीक काही गोष्टी येतातच. त्यांची उत्तरं तयार ठेवा.

बाबा: “नुसता मोबाईल! दुसरं काही सुचतच नाही तिला.”

तुम्ही: “मोबाईलची वेळ तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण मोबाईलमुळे होत असतं तर सगळ्याच बेरजा चुकल्या असत्या. इथे सारख्या छेदांच्या सगळ्या बरोबर आहेत. तिला येत नाही ते एका ठिकाणी येत नाहीये.”

आई: “मागच्या वर्षीच्या बाईंकडे तर किती छान मार्क होते.”

हे वाक्य टोचतं आणि तोंडून लगेच अभ्यासक्रमाचा बचाव निघतो. त्याऐवजी ते वापरा: “हो, आणि म्हणूनच मी हे गांभीर्याने घेतेय. पाया चांगला आहे हे त्यावरून दिसतंच. मागच्या वर्षी तिला काय आवडायचं, आठवतं का तुम्हाला?”

बाबा: “मग क्लास लावून टाकतो उद्यापासून.”

तुम्ही: “तीन आठवडे थांबाल का? क्लासमध्ये पुढचा धडा सुरू असेल, तिला मागची एक पायरी हवीय. तीन आठवड्यांनी हललं नाही तर आपण पुन्हा बोलू आणि तेव्हा मीच सांगेन की जास्तीची मदत लागेल.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं तर योजना पुढे रेटू नका. “थोडा वेळ घ्या, मला घाई नाही” म्हणून थांबा. अशा वेळी बरेचदा घरातली खरी गोष्ट कळते: कोणाचं आजारपण, नोकरी गेलेली, घर बदललेलं. ते कळल्यावर योजनेतला घरचा वाटा कमी करा किंवा काढून टाका. आणि एखादे बाबा म्हणाले, “घरी गेल्यावर बघतो तिच्याकडे,” तर ते वाक्य हवेत सोडू नका. “असं झालं तर ती उद्यापासून चुका लपवेल आणि कुठे अडलंय ते मला कळायचं बंद होईल. मला तिच्या चुका दिसायला हव्यात,” असं स्पष्ट म्हणा. हा आर्जवाचा मुद्दा नाही, कामाचा मुद्दा आहे, आणि बहुतेक बाबांना तो त्याच भाषेत पटतो. मारहाणीची शंका आली, तर मात्र समजावण्यावर थांबू नका. भेट संपताच शाळेच्या ठरलेल्या पद्धतीने कळवा.

मुलगी आत आल्यावर

तिला बसायला खुर्ची तयार असू द्या. तिघांसमोर उभं राहिलेलं मूल चौकशीला आल्यासारखं दिसतं. पहिलं वाक्य तुमचं:

“सई, तुझा हा चौकोन आईबाबांना दाखवला. आम्ही ठरवलंय की तुला वेगळ्या छेदांच्या बेरजा जमायला मदत करायची. आधी मला सांग, १/२ आणि १/३ मिळवताना काय होतं?”

उत्तर ती देईल तसं घ्या. ‘कुठून सुरू करायचं तेच कळत नाही’ म्हणाली तर ते चांगलं उत्तर आहे. आई मध्येच “अगं, घरी तर…” म्हणाली तर हात किंचित वर करून, “तिला सांगू दे” एवढंच म्हणा.

मग योजना. ती इतकी लहान हवी की थकलेल्या घरातही निभावेल. शाळेत: आठवड्यातून दोन दिवस, तास सुरू होण्याआधी दहा मिनिटं तुम्ही सममूल्य अपूर्णांकांची ती दोन कोरी पानं तिच्यासोबत भरणार, तीही कागदाच्या पट्ट्या दुमडून. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. एक दोन भागांत, दुसरी तीन भागांत दुमडायची. मग दोन्हींना सहा भाग पाडायचे, म्हणजे १/२ चे ३/६ आणि १/३ चे २/६ डोळ्यांसमोर होतात आणि उत्तर ५/६ येतं. २/५ हे उत्तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग अर्ध्यात काही मिळवून अर्ध्याहून कमी कसं झालं, हा प्रश्न तिला पट्टीवरच पडू द्या. तिच्या जुन्या नियमाला याहून मोठा धक्का दुसरा नाही.

घरी: आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं, चार बेरजा. दोन समच्छेद, दोन भिन्नच्छेद. पहिल्या दोन तिला येतातच, म्हणून त्या आधी. पंधरा मिनिटं झाली की वही बंद, बेरीज अर्धी राहिली तरी. पालकांनी शिकवायचं नाही, हे आवर्जून सांगा, कारण घरी शिकवलेली रीत बहुधा वेगळी असते आणि मुलाच्या डोक्यात दोन रीती भांडत बसतात. त्यांनी प्रत्येक बेरजेआधी एकच विचारायचं: “तुकडे सारख्या आकाराचे आहेत का?” उत्तर चुकलं तरी खोडायचं नाही, तसंच शाळेत पाठवायचं.

सईचं काम: अडलं तिथे उदाहरणाशेजारी एक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. न सोडवता कोरं सोडण्यापेक्षा टिंब बरं, त्यावरून तुम्हाला सुरुवात करता येते.

मोजमाप असं ठरवा: तीन आठवड्यांनी दहा भिन्नच्छेद बेरजा, घड्याळाशिवाय, तुमच्यासमोर. आठ बरोबर आल्या तर पायरी भरली, पुढे शाब्दिक उदाहरणं घ्यायची. पाच ते सात आल्या तर आणखी दोन आठवडे हेच. पाचापेक्षा कमी आल्या आणि ठरलेलं काम खरोखर झालं असेल, तर अडचण या एका पायरीपुरती नाही. मग शाळेतल्या समुपदेशकांना किंवा विशेष शिक्षकांना सोबत घेऊन पुन्हा बसायचं. काम झालंच नसेल, तर आधी ते का झालं नाही हे बघायचं. हे चारही पर्याय भेटीतच बोलून दाखवा. नंतर अचानक ‘तपासणी करा’ म्हटलं की पालकांना फसवल्यासारखं वाटतं.

निघण्याआधी पालकांना एक प्रश्न विचारा, सईसमोरच: “आज संध्याकाळी घरी यावर काय बोलणार?” बहुतेकांनी विचार केलेला नसतो. गप्प झाले तर वाक्य तुम्ही द्या: “‘तुझं कुठे अडलंय ते बाईंनी आम्हाला दाखवलं. तीन आठवडे हे करू.’ एवढंच म्हणा. मार्कांचा विषय आज पुन्हा नको.” मुलीनेही ते ऐकलेलं असल्याने घरी त्यापलीकडे गाडी जायला लागली की तिलाही कळतं.

भेटीनंतर

त्याच दिवशी पाच-सहा ओळींची नोंद पालकांना पाठवा. भेटीत ऐकलेलं घरी पोहोचेपर्यंत बदलतं, आणि आईने व बाबांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात. नमुना:

“आज सईच्या गणिताबद्दल बोलणं झालं. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज चांगली जमते. भिन्नच्छेद बेरजेत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. सत्र परीक्षेत गेलेल्या गुणांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक गुण अपूर्णांकांच्या प्रश्नांत गेले. शाळेत: आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं. घरी: चार दिवस, पंधरा मिनिटं, चार बेरजा, प्रत्येक बेरजेआधी एक प्रश्न. सई: अडलं तिथे टिंब. तीन आठवड्यांनी दहा बेरजा आणि त्यानंतर पुन्हा बोलणं, तारीख: ____. काही नोंदवायचं राहिलं असेल तर कळवा.”

यात ‘हुशार पण आळशी’, ‘लक्ष देत नाही’, ‘प्रयत्न कमी’ असे शब्द नकोत. ते सिद्ध करता येत नाहीत आणि वर्षभर मुलीला चिकटतात. त्यांच्या जागी जे दिसलं ते लिहा: ‘दहापैकी चार वेळा गृहपाठ आला.’

पहिल्या आठवड्याच्या शेवटी, परीक्षेची वाट न बघता, एक ओळ कळवा. ती खरी असली पाहिजे. “या आठवड्यात चार टिंबं दिली आणि १/२ + १/३ पट्टीवर स्वतः सोडवलं” हे चालेल. काहीच हललं नसेल तर “अजून पट्टीशिवाय जमत नाहीये, पट्टीवर जमतंय” असं लिहा. तीन आठवड्यांच्या आत ठरलेल्यापैकी काही तुमच्याकडून राहिलं, एखादा दहा मिनिटांचा दिवस चुकला, तर तेही याच ओळीत लिहा आणि तो दिवस कधी भरणार ते सांगा.